नकारानंतरचा निरोप पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा

आपण कोणाला तरी प्रेमाबद्दल विचारलेले असते, आणि समोरच्या व्यक्तीने नीट, सभ्य शब्दांत आणि शंकेला जागा न ठेवता नकार कळवलेला असतो. त्यावर आपल्याला फक्त ‘कळले’ एवढेच सांगायचे असते, आणि तरीही तो निरोप गेल्यावर तासाभरात संभाषण पुन्हा सुरू होते, समोरची व्यक्ती दिलगिरी व्यक्त करू लागते किंवा एकदम गप्प होते, आणि दुसऱ्या दिवशी समोरासमोर आल्यावर दोघांनाही मान खाली घालावी लागते. सांगलीत विश्रामबागेत मी एक छोटी अभ्यासिका चालवते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली येथे दिवसाचे दहा-बारा तास शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे कोणी कोणाला विचारणे आणि कोणी कोणाला नकार देणे हे येथे होतच असते. विचारण्यापूर्वी माझ्याकडे कोणी येत नाही. पण नकार आल्यावर, ‘ताई, हे पाठवू का?’ म्हणून मोबाइल पुढे करणारे बरेच असतात. त्या मसुद्यांमध्ये एकच बिघाड मला वारंवार दिसत आला आहे, आणि तो कसा ओळखावा व कसा काढावा हे एका प्रसंगाच्या आधारे येथे लिहीत आहे.

आधी पाहायचे: निरोपाची गरज आहे का

नकार प्रत्यक्ष बोलताना मिळाला असेल आणि आपण त्याच वेळी ‘ठीक आहे, समजलं’ असे म्हणून झाले असेल, तर विषय तेथेच मिटलेला असतो. घरी जाऊन तीच गोष्ट पुन्हा लिहून पाठवणे म्हणजे मिटलेला विषय उघडणे होय. समोरच्या व्यक्तीने ‘यापुढे मेसेज करू नकोस’ असे स्पष्ट लिहिले असेल, तरीही काहीही पाठवू नये. त्या वाक्याला ‘बरं, नाही करणार’ असे उत्तर देणे हादेखील एक मेसेजच आहे.

नकार ओळखण्यात आपल्याकडे एक अडचण असते. आपल्या भागात थेट ‘नाही’ न म्हणता आडवळणाने नकार देण्याची रीत आहे: ‘घरचे तयार होणार नाहीत’, ‘सध्या अभ्यासाशिवाय दुसरा विचार नाही’, ‘मी तुला त्या नजरेने कधी पाहिलं नाही’. पहिल्या दोन वाक्यांत ऐकणाऱ्याला फट दिसते, म्हणजे घरच्यांना समजावले तर, परीक्षा झाल्यावर विचारले तर. परंतु सांगणाऱ्याने ते कारण बहुतेक वेळा आपल्याला कमी लागावे म्हणून पुढे केलेले असते, आणि त्या कारणाशी वाद घालणे म्हणजे त्याच्या सौजन्याचाच फायदा घेणे. या तिन्ही वाक्यांना मी पूर्ण नकारच समजते, आणि पुढचे सर्व विवेचन त्यांनाही तसेच लागू आहे.

प्रसंग

एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा आणि बँकेच्या परीक्षेला बसणारी एक मुलगी, दोघेही माझ्याकडे आठ महिने येत होते. दुपारचा चहा समोरच्या टपरीवर सगळ्यांसोबत होई, आणि त्याने तिला दोन पुस्तके वाचायला दिलेली होती. एका संध्याकाळी त्याने तिला मेसेज करून विचारले, आणि रात्री तिचे उत्तर आले:

‘तू नीट विचारलंस, म्हणून मीही स्पष्ट सांगते. माझ्या मनात तुझ्याबद्दल तसं काही नाही आणि पुढेही नसेल. आपण इथे अभ्यासाला येतो, तेवढंच राहू दे.’

यापेक्षा स्वच्छ नकार क्वचित मिळतो. त्यात त्याचा मान राखलेला आहे, कारणांची सबब नाही, ‘पुढेही नसेल’ म्हणून दार बंद केलेले आहे, आणि पुढे कसे वागायचे तेही सांगितलेले आहे. त्याने लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

‘ठीक आहे, तुझ्या निर्णयाचा मी पूर्ण आदर करतो. सॉरी, मी तुला अडचणीत टाकलं. चूक माझीच, मीच जास्त समजून बसलो. तुझ्यासारखी मुलगी मला पुन्हा भेटणार नाही. फक्त एकच विचारायचं होतं, माझ्यात नेमकं काय कमी वाटलं? म्हणजे मला सुधारणा करता येईल. मैत्री तरी तोडू नकोस ना. कधी मत बदललंच तर मी आहेच. काळजी घे.’

हा मुलगा हट्टी नव्हता आणि त्याच्या मते हा निरोप अतिशय नम्र होता. यापूर्वी दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी, त्याने असाच निरोप पाठवला होता आणि दोन्ही वेळा ओळख कायमची तुटली होती. ‘मी तर सगळं चांगलंच लिहितो,’ हे त्याचे म्हणणे होते.

बिघाडाचे कारण

या मसुद्यात ‘आदर करतो’ या वाक्यानंतर प्रत्येक वाक्य तिच्याकडे काही ना काही मागत आहे. ‘सॉरी’ आणि ‘चूक माझीच’ ही वाक्ये ‘नाही रे, तुझं काही चुकलं नाही’ असे उत्तर मागतात. ती भल्या स्वभावाची असेल तर तिला ते लिहावेच लागेल, आणि लिहिले नाही तर आपण निष्ठुर ठरलो असे तिला वाटत राहील. ‘तुझ्यासारखी मुलगी भेटणार नाही’ हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण त्याचा भार तिच्यावर पडतो, कारण आपल्या एका ‘नाही’मुळे कोणाचे तरी आयुष्य रिकामे होणार आहे असे ते सुचवते. ‘काय कमी वाटलं’ हा उघड प्रश्न आहे, आणि त्याला खरे उत्तर दिले तर अपमान होतो व खोटे दिले तर फट राहते, त्यामुळे तिच्या हातात एकही चांगला पर्याय उरत नाही. ‘मत बदललंच तर’ हे वाक्य तिच्या ‘पुढेही नसेल’ला सरळ नाकारते, म्हणजे पहिल्या ओळीतला आदर शेवटून दुसऱ्या ओळीत परत घेतलेला आहे.

मी त्याला इतकेच सांगितले की, या मजकुरातील प्रत्येक वाक्यासमोर ‘हे वाचून तिने काय करावं अशी माझी इच्छा आहे?’ हा प्रश्न लिही आणि ज्या वाक्याला उत्तर मिळेल ते वाक्य काढून टाक. त्याने कागदावर तसे केले, तेव्हा ‘ठीक आहे’ एवढेच शिल्लक राहिले. समोरच्यावर येणारा दबाव आणि आपल्या प्रतिष्ठेला लागणारा धक्का या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण दोन्हींचे मूळ या मागण्यांतच असते: जो मागत नाही त्याच्यापुढे समोरच्याला अवघडावे लागत नाही, आणि त्याला स्वतःलाही ओशाळावे लागत नाही.

मराठीत ही मागणी नेहमी पूर्ण वाक्यातूनच येते असेही नाही. ती एखाद्या अक्षरातून शिरते, आणि म्हणून लिहिणाऱ्याला दिसत नाही. ‘मैत्री राहू दे’ आणि ‘मैत्री तरी राहू दे ना’ यांत ‘तरी’ म्हणते की मोठे मिळाले नाही म्हणून लहान द्या, आणि ‘ना’ लाडीगोडी लावते. ‘ठीक आहे’ म्हटले तर स्वीकार होतो, ‘ठीकच आहे’ म्हटले की तक्रार होते. ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ हे वाक्य सवलत दिल्यासारखे दिसते, पण ‘चालवून घेईन’ असा त्याचा सूर असल्यामुळे वाचणारा उत्तर द्यायला बसतो. ‘उत्तराची गरज नाही’ असे लिहिले की तो सूर जातो. मसुदा तपासताना मी प्रथम ‘तरी’, ‘च’, ‘ना’, ‘पण’ आणि ‘फक्त’ हे पाच शब्द शोधते, आणि बिघाड दहापैकी आठ वेळा त्यांच्या आसपासच सापडतो, असा माझा ढोबळ अंदाज आहे.

संबोधनाचेही असेच आहे. आठ महिने ‘तू’ म्हणणाऱ्या मुलाने नकारानंतर ‘आपण कळवल्याबद्दल आभारी आहे’ असे लिहिले, तर तो आदर नसून रुसवा आहे हे कोणालाही कळते. आधी जे संबोधन होते तेच ठेवावे. ‘तुम्ही’ असेल तर ‘तुम्ही’, ‘तू’ असेल तर ‘तू’.

दुसऱ्या टोकाची चूक

माझे ऐकून त्याने सगळेच खोडले आणि दुसरा मसुदा आणला: ‘ओके. नो प्रॉब्लेम. ऑल द बेस्ट.’ यात मागणी नाही हे खरे, पण तिने तीन वाक्ये विचारपूर्वक लिहिली होती आणि त्यांना मिळालेले उत्तर दार आपटल्यासारखे होते. असा निरोप वाचणाऱ्याला ‘हा चिडला आहे का?’ असा प्रश्न पडतो, आणि रोज त्याच खोलीत बसायचे असल्यावर तो प्रश्न म्हणजेही दबावच होतो. शिवाय पुस्तकांचे काय करायचे, उद्या चहाला भेटल्यावर बोलायचे की नाही, हे सगळे तिच्यावरच सोडलेले होते. शेवटच्या निरोपात न लिहिलेल्या व्यावहारिक गोष्टी पुढे पुन्हा संपर्काचे निमित्त होतात, आणि ‘पुस्तकं परत देतेस का?’ हा तीन आठवड्यांनी आलेला मेसेज कितीही निरागस असला तरी तसा वाचला जात नाही.

जो निरोप पाठवला गेला

तिसऱ्या मसुद्यात त्याने ‘स्पष्ट सांगितलंस, बरं झालं’ असे लिहिले होते. ‘बरं झालं’ बोलताना समाधानाने म्हणता येते, परंतु मोबाइलच्या पडद्यावर ते टोमण्यासारखे वाचले जाण्याची शक्यता असते, म्हणून ते बदलले. शेवटी गेलेला निरोप हा होता:

‘तुझा मेसेज वाचला. इतकं स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. माझ्याकडून हा विषय इथे संपला, आणि मी तो पुन्हा काढणार नाही. अभ्यासिकेत आणि चहाला पूर्वीसारखेच सगळ्यांबरोबर असू. पुस्तकं वापरून झाली की काउंटरवर ठेव, मी तिथून घेईन. याला उत्तराची गरज नाही.’

आभार तिच्या स्पष्टपणाचे मानले आहेत, तिच्या स्वभावाचे किंवा रूपाचे नाही, कारण कौतुक आले की मागणी पाठोपाठ येते. ‘मी तो पुन्हा काढणार नाही’ हे वाक्य त्याने स्वतःवर घातलेले बंधन आहे, तिच्याकडून घेतलेले वचन नाही, आणि तिच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे. कारण नकार देणाऱ्या मुलीच्या मनात बहुतेक वेळा पहिली धास्ती ‘आता हा पुन्हा विचारेल का’ ही असते. चहाच्या वाक्यात ‘सगळ्यांबरोबर’ हा शब्द मुद्दाम आहे, त्यामुळे एकांताची अपेक्षा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तके माझ्या काउंटरवर ठेवायला सांगितल्याने हातोहात देण्याचा प्रसंग टळला, आणि ‘वापरून झाली की’ म्हटल्याने घाईही नाही. संपूर्ण निरोपात एकही प्रश्नचिन्ह नाही.

पाठवण्यापूर्वीची शेवटची चाचणी मी अशी घेते: हा निरोप तिने घरी आईला किंवा बहिणीला वाचून दाखवला, तर वाचताना तिला कोठे थांबून खुलासा करावा लागेल का, आणि ऐकणाऱ्याला पाठवणाऱ्याची कीव येईल का. वरच्या निरोपात दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. आणखी एक शंका त्याने विचारली होती की, ‘मला वाईट वाटलं’ हे लिहिणे खोटेपणा टाळण्यासाठी आवश्यक नाही का. वाईट वाटणे खरे असते आणि ते सांगायलाही हवे, पण ते मित्राला, भावाला, हवे तर मला. ज्या व्यक्तीमुळे ते वाटले तिला सांगितले की ती सांत्वन करायला बांधली जाते.

पाठवण्याची वेळ आणि मोबाइलच्या खोड्या

नकार रात्री दहाला आला असेल तर उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावे. रात्रीचा मसुदा जवळजवळ नेहमी लांब असतो. मात्र दोन-तीन दिवस थांबू नये, कारण तेवढा वेळ समोरची व्यक्ती आपण काय म्हणू याची वाट पाहत राहते आणि मौनाचाच दबाव होतो. मसुदा व्हॉट्सअॅपच्या चौकटीत लिहू नये. वही किंवा मोबाइलमधील नोंदवही वापरावी. समोरची व्यक्ती त्या वेळी ऑनलाइन असेल तर तिला आपण ‘टाइप करत आहोत’ हे दिसते, आणि पंधरा मिनिटे टाइप करून शेवटी दोन ओळी आल्या की उरलेल्या ओळींचा अंदाज ती करतेच. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण त्यावर दुरुस्तीची खूण राहते. सर्वांसाठी काढून टाकला तरी मेसेज काढल्याची खूण उरते आणि ती मूळ मजकुरापेक्षा जास्त कुतूहल निर्माण करते.

चुकीचा निरोप आधीच गेला असेल, तर तो काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात प्रश्न विचारलेला असेल आणि समोरून अजून उत्तर आलेले नसेल, तर एकदाच ‘मागच्या मेसेजमधला प्रश्न मी मागे घेतो, त्याला उत्तर नको’ असे लिहून थांबावे. प्रश्न नसेल, नुसताच लांब आणि दुःखी असेल, तर काहीच लिहू नये; दुरुस्तीचा मेसेज त्या दुःखात भरच घालतो.

पाठवल्यावर कोठून गळते

तिने त्या निरोपाला ‘थँक्स, समजून घेतल्याबद्दल’ असे उत्तर दिले. मुलगा लगेच काउंटरवर आला, कारण त्याला ‘अगं, त्यात काय’ असे लिहायचे होते. येथे थांबणे सर्वांत कठीण जाते. तिचे उत्तर हे सौजन्याने लावलेले कुलूप असते. त्यावर आपण सौजन्य दाखवले की तिला पुन्हा दाखवावे लागते, आणि चार सौजन्यांनंतर पाचव्या ओळीत कोणीतरी ‘खरं सांगू का’ असे लिहितो. त्याने काहीही लिहिले नाही.

दुसरी गळती मध्यस्थातून होते, आणि आमच्याकडे ती मेसेजपेक्षा जास्त नुकसान करते. त्याच्या एका मित्राला सगळे ठाऊक होते आणि तो दुसऱ्या दिवशी चहावर तिला ‘एकदा विचार तर कर, पोरगा चांगला आहे’ असे म्हणणार होता. मित्राच्या तोंडून आलेली गळ ही आपल्याच नावावर जमा होते, मग ती आपल्याला माहीत असो वा नसो. म्हणून ज्यांना विचारल्याचे माहीत आहे त्यांनाही त्याच दिवशी एक ओळ सांगावी लागते: ‘तिने नाही सांगितलं, मला ते मान्य आहे, तू तिच्याशी यावर काही बोलू नकोस.’ त्याने ते सांगितले, आणि मित्र थोडा हिरमुसला.

स्टेटसला दुःखी गाणे लावणे, डीपी काढून टाकणे, त्याच संध्याकाळी अभ्यासिकेच्या ग्रुपमधून बाहेर पडणे, हे सगळे न लिहिलेले मेसेजच आहेत आणि ते तिच्यापर्यंत पोचतात. जागा बदलावीशी वाटली तर बदलावी, मात्र आठवड्याने आणि पंख्याचे किंवा उजेडाचे कारण सांगून.

या उपायाच्या मर्यादा

स्थळ म्हणून ओळख झालेली असेल तर हा निरोप मुलाने मुलीला थेट पाठवू नये. तेथे नकार ‘योग दिसत नाही’ अशा शब्दांत मोठ्यांकडून मोठ्यांना येतो, आणि उत्तरही त्याच वाटेने जावे: कळवल्याबद्दल आभार, आणि पत्रिका व फोटो आमच्याकडून काढून टाकले आहेत. फोटो काढून टाकल्याचे सांगणे बहुतेक घरे विसरतात, आणि मुलीच्या घरी त्याचीच काळजी असते.

शेवटचा निरोप हा एकच असतो, आणि हे केवळ शिष्टाचाराचे म्हणणे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार, स्त्रीने स्वारस्य नसल्याचे स्पष्ट दाखवल्यानंतरही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो, आणि पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. एक सभ्य निरोप म्हणजे पाठलाग नव्हे. परंतु दिवाळीच्या शुभेच्छा, निकालाचे अभिनंदन आणि ‘सहज आठवण आली’ असे करत गेलेले मेसेज प्रत्येकी निरुपद्रवी असूनही एकत्र वाचल्यावर वेगळे दिसतात. मुलींनी पाठवलेल्या निरोपांतही मला हाच बिघाड दिसला आहे, फक्त तेथे ‘मैत्री तरी’च्या जागी ‘मी त्रास दिला का’ हा प्रश्न अधिक वेळा येतो, आणि तोही उत्तर मागणाराच आहे.

त्या मुलाची पुस्तके सतरा दिवसांनी काउंटरवर आली. एका पुस्तकात वाचनखूण म्हणून मिरजेच्या बसचे तिकीट होते; त्याने ते काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि खुर्चीवर जाऊन बसला.